क्षाराने बंद पडलेल्या ठिबकबाबत खुलासा

“आपल्याकडच्या बोअरच्या पाण्यानं ठिबक एकाच हंगामात चोक होते, मग नळ्या फेकाव्याच लागतात.”

असे सरसकट घडत नाही. तोटीखाली डबा ठेवून पंधरा मिनिटे पाणी धरावे. ताशी चार लिटरच्या तोटीतून एक लिटर पाणी जमायला हवे. ते सातशे मिलिलिटरच भरले, तर दोन तासांच्या पाळीला सुमारे पन्नास मिनिटे मोटार जास्त चालवावी लागते, म्हणजे पाच अश्वशक्तीच्या मोटारीवर जवळपास तीन युनिट वीज वाया जाते, आणि मोकळ्या तोट्यांखाली तेवढा वेळ पाणी फुकट मुरते.

तोटीच्या तोंडाशी पांढरा, खरखरीत थर असेल तर तो चुन्याचा असतो. व्हेंचुरीतून आम्ल सोडून शेवटच्या तोटीच्या पाण्याचा सामू चारच्या आसपास आणावा, नळ्या चोवीस तास तशाच भरून ठेवाव्यात आणि मग शेवटची टोके उघडून स्वच्छ पाणी येईपर्यंत धुवाव्यात. आम्ल नेहमी पाण्यात ओतावे, पाणी आम्लात कधीही नाही. बुळबुळीत शेवाळ असल्यास मात्र आम्ल नव्हे, क्लोरीन लागते, आणि ही दोन्ही कधीच एकत्र करू नयेत, कारण त्यातून विषारी वायू निघतो.

पूर्णाकाठच्या खारपाणपट्ट्यातील जमिनीचा चोपणपणा या उपायाने जात नाही. तो प्रश्न वेगळा आहे.