वॉरफरिन या रक्त पातळ करणाऱ्या गोळीवरच्या माझ्या लेखाला आलेल्या प्रतिक्रियेला उत्तर

"लेख वाचला. माझ्या वडिलांना वॉरफरिन चालू आहे. आम्ही पालेभाज्या पूर्ण बंद केल्या, प्रश्नच मिटला. तुम्ही मात्र खा म्हणता. गोळी चुकल्याचं आणि रक्तस्रावाचं पाल्हाळ लावून पेशंटला उगाच घाबरवता. फार्मासिस्टने गोळ्या मोजून द्याव्यात, डॉक्टर होऊ नये."

लेख लांब झाला हे मान्य, दोन भागात टाकायला हवा होता. पण "गोळ्या मोजून द्याव्यात" हे काय बोलणं झालं? मतभेद असू शकतो, तो नीट शब्दांत मांडता येतो. मी डोस ठरवत नाही, कधी ठरवलेलाही नाही. डॉक्टरांनी ठरवलेला डोस घरी नीट घेतला जावा हे बघणं माझं काम आहे आणि ते मी कित्येक वर्षं काउंटरमागे उभी राहून करतेय, शिवाय माझ्या आईच्या हृदयात कृत्रिम झडप आहे आणि ती रोज हीच गोळी घेते. तेव्हा मला हे पुस्तकात वाचून माहीत आहे असं कृपया समजू नका.

आता पालेभाज्या. "खा" एवढंच मी लिहिलेलं नाही, "नेहमी जेवढ्या खाता तेवढ्याच खा" असं लिहिलंय, आणि दोन्हीत फार फरक आहे. रक्त गोठवणारे काही घटक लिव्हर व्हिटॅमिन के वापरून बनवतं, आणि पालेभाज्यांत ते भरपूर असतं. वापरलेलं व्हिटॅमिन के शरीर परत वापरण्याजोगं करतं, वॉरफरिन तिथेच आडवं येतं. म्हणजे डोस हा तुमच्या ताटातल्या व्हिटॅमिन केच्या हिशोबाने बसवलेला असतो, कुणाला दोन मिलिग्रॅम पुरतात तर कुणाला सात लागतात. ताट बदललं की हिशोब बदलला.

आमच्याकडे येणारे एक गृहस्थ, पायाच्या शिरेत गुठळी झाली म्हणून गोळी सुरू झालेली. कुणीतरी सांगितलं म्हणून त्यांनी हिरवं पान म्हणून ताटात ठेवलं नाही, चार मिलिग्रॅमवर आयएनआर २.३, म्हणजे हव्या त्या २ ते ३ मध्ये छान बसलेला. आयएनआर हा रक्ततपासणीतला आकडा, तो जितका जास्त तितकं रक्त उशिरा गोठतं. घरचे खूश, तुमच्यासारखेच. पुढे कंटाळून त्यांनी रोज रात्री पालक खायला सुरुवात केली, कुणाला सांगितलं नाही, कारण त्यात सांगण्यासारखं काही आहे असं त्यांना वाटलंच नाही. पुढच्या तपासणीत आयएनआर १.४, आणि तोच पाय पुन्हा सुजू लागलेला. गोळी एकही चुकली नव्हती, मी स्वतः रिकाम्या स्ट्रिप्स बघितल्या.

पूर्ण बंद करण्यातली खरी अडचण ही आहे. शरीरातला व्हिटॅमिन केचा साठाच तुटपुंजा असला की थोडी भाजी खाल्ली तरी आयएनआर धाडकन खाली येतो, आणि तापात चार दिवस जेवण गेलं की तो वर जातो. माझ्या आईचा तसा वर गेला होता आजारपणात, दात घासताना हिरड्यांतून रक्त येत होतं म्हणून लगेच तपासलं. "प्रश्नच मिटला" म्हणणाऱ्यांना मी एवढंच विचारते, शेवटचा आयएनआर कधी केला आणि किती आला?

चुकलेल्या गोळीचं पाल्हाळ नाही, तीन वाक्यं आहेत. त्याच दिवशी आठवलं तर घ्या. दुसऱ्या दिवशी आठवलं तर ती सोडून द्या, दोन एकदम घेऊ नका, कारण आज घेतलेल्या गोळीचा परिणाम दोन-तीन दिवसांनी दिसतो आणि तोवर आपण विसरलेलो असतो. चुकलेली तारीख लिहून ठेवा आणि तपासणीच्या वेळी डॉक्टरांना दाखवा, नाहीतर ते कमी आलेला आयएनआर बघून उगाच डोस वाढवतील.

आणि घाबरवण्याबद्दल: काळी डांबरासारखी चिकट शी, लाल किंवा गडद तपकिरी लघवी, दहा मिनिटं दाबून धरूनही न थांबणारं नाकातलं रक्त, हे पेशंटला आधी माहीत नसेल तर तो सकाळपर्यंत थांबतो. डोक्याला मार लागला तर बाहेर खरचटलेलंही नसताना लगेच हॉस्पिटलला जायचं, हे तर मी प्रत्येकाला दोनदा सांगते आणि पुढेही सांगणार, कुणाला ते आवडो न आवडो.

एक मात्र मनापासून. माझ्यावर राग काढायचा म्हणून किंवा माझा लेख पटला म्हणून, वडिलांना उद्यापासून भाजी सुरू करू नका. त्यांचा डोस बिनभाजीच्या जेवणावर बसलेला आहे. आधी त्यांच्या डॉक्टरांना सांगा, मग थोड्या ठराविक प्रमाणात सुरू करा आणि ते म्हणतील तेव्हा, बहुतेक आठवड्याभरात, आयएनआर परत करून घ्या.