बेरीज जुळली ना, मग झालं!

जहाज कंपनीचं बीएल, सप्लायरचं इन्व्हॉइस आणि पॅकिंग लिस्ट हे इम्पोर्टचे तीन कागद तपासणाऱ्या होतकरू मंडळींनो, गेल्या आठवड्यात तुमच्यापैकी एकाने केलेली चेकशीट माझ्या पदरात पडली. काय ते रंग! जुळलं ते हिरवं, नाही जुळलं ते लाल. अशी शीट आपल्याही हातून व्हावी असं ज्यांना वाटतं, त्यांच्यासाठी चार युक्तीच्या गोष्टी.

कागदावर आकडा दिसला की उचलायचा. तो कशाचा आहे हे विचारत बसायचं नाही. बीएलवर २० पॅकेजेस, पॅकिंग लिस्टवर १,०००. लाल करा! बीएलवरचे २० म्हणजे पॅलेट आणि त्यांवर रचलेले १,००० कार्टन, हे त्याच बीएलवर मालाच्या वर्णनात छापलेलं असतं. पण वर्णन वाचायला आपण काय कादंबरी वाचतोय?

परदेशी सप्लायरने १.२०० लिहिलं तर ते एक पूर्णांक दोन दशांशच धरा. तिकडे हजाराला टिंब देतात, हा त्यांचा प्रश्न.

कंटेनर नंबरचा शेवटचा अंक आधीच्या अक्षरांवरून आणि अंकांवरून काढलेला चेक डिजिट असतो, टायपिंगची चूक बहुतेक वेळा तिथेच पकडली जाते. म्हणून तो पडताळूच नका.

आता वजन. बीएलवर ग्रॉस वेट १३,२०० किलो, पॅकिंग लिस्टवर १२,८००. फरक ४०० किलो. ४०० भागिले २० पॅलेट म्हणजे पॅलेटमागे २० किलो, रिकाम्या लाकडी पॅलेटचं असतं तेवढंच. दोन्ही कागद बरोबर. पण भागाकार करणं आपल्या जॉब प्रोफाइलमध्ये नाही. आपण थेट सप्लायरला मेल टाकायचा: ‘पॅकिंग लिस्ट बीएलप्रमाणे दुरुस्त करून पाठवावी.’ तोही गुणी. त्याने कार्टनची वजनं थोडी थोडी फुगवली, बेरीज १३,२०० वर आणली आणि तासाभरात सुधारित प्रत पाठवली. लाल खाना हिरवा झाला. तीन कागदांपैकी जे दोन धड होते, त्यांतलाच एक तुम्ही बिघडवून घेतलात!

आणि सगळ्यात मोठी युक्ती: नेहमी बेरजेला बेरीज लावा, आतल्या ओळी उघडू नका. इन्व्हॉइसवर एकूण २०,००० नग, पॅकिंग लिस्टवर २०,००० नग. हिरवं. आत काय होतं? इन्व्हॉइसवर १२,००० बेअरिंग आणि ८,००० पुली. पॅकिंग लिस्टवर ११,२०० बेअरिंग आणि ८,८०० पुली. ८०० नग या ओळीतून त्या ओळीत सरकलेले आणि बेरीज जशीच्या तशी. कस्टम्सच्या वर्गीकरणात बेअरिंग ८४८२ खाली, पुली ८४८३ खाली. पैसे मोजले १२,००० बेअरिंगचे, कस्टम्सला सांगितले १२,०००, आणि कंटेनर उघडल्यावर निघाले ११,२००. मग पुढे काय होतं ते या धंद्यातल्या माणसाला सांगायला नको. डेमरेजचं मीटर तर चालूच.

आणि हे कागदावर दिसत होतं हो! कार्टनमध्ये २० नग, बेअरिंगचा कार्टन १५ किलोचा, पुलीचा १० किलोचा. इन्व्हॉइसप्रमाणे माल असता तर ६०० आणि ४०० कार्टन, म्हणजे १३,००० किलो भरलं असतं. पॅकिंग लिस्टप्रमाणे ५६० आणि ४४०, म्हणजे १२,८००. बीएलच्या १३,२०० मधून पॅलेटचे ४०० वजा करा, किती उरतात? १२,८००. चुकलेला कागद इन्व्हॉइस होता, हे वजनच सांगत होतं. आणि तुम्ही ते वजनच बदलून घेतलंत.

बीएलवरचा आकडाही शिपरनेच दिलेला असतो, असं कोणी म्हणेल. मान्य. मग व्हीजीएम मागा ना! जुलै २०१६ पासून भरलेल्या कंटेनरचं पडताळलेलं वजन दिल्याशिवाय तो जहाजावर चढत नाही. त्यातून दारावर लिहिलेलं टेअर वजा केलं की आतल्या मालाचं वजन पॅलेट-लाकडासकट हातात येतं.

पुरे झाली थट्टा. तीन कागदांतले आकडे तीन रकान्यांत ओतून रंग लावायला माणूस कशाला हवा? प्रत्येक आकड्यापुढे एकक लिहा. नग ओळीला ओळ लावून बघा. फरक निघाला तर आधी तो कशामुळे आला ते शोधा आणि कोणता कागद चुकलाय हे कळेपर्यंत सप्लायरला ‘दुरुस्त करा’ हे दोन शब्द लिहू नका. आणि सुधारित प्रत आली म्हणून मूळ प्रत फोल्डरमधून उडवू नका. ती उडवलीत म्हणून आज आम्ही कस्टम्ससमोर हात हलवत उभे आहोत.