तीन दिवसांनी हुकलेलं गाणं

यादी मी केली होती. हे आधीच सांगून टाकतो, कारण शनिवारपासून ती 'नित्याच्या मेहुण्याची यादी' म्हणून ओळखली जाते आहे आणि ग्रुपवर चौघांनी त्याला अंगठे दिले आहेत. मला एकाने दिला. तोही माझाच होता.

आम्ही सहा जण डोंबिवलीतल्या एकाच बिल्डिंगमध्ये वाढलो. आता ठाण्याला नित्याकडे जमायचं, पोरं झोपली की नव्वदीतली गाणी लावायची, असं ठरलं. चार संध्याकाळी घालवून मी चाळीस गाणी जमवली. यातला निम्मा वेळ 'झंकार' चुकवण्यात गेला. गाणं शोधायला जावं तर आधी झंकारवालीच आवृत्ती पुढे येते. म्हणजे मूळ गाण्यावर ताशा-ऑक्टोपॅडचा वेगळा मारा, झालेल्या आमटीला परक्या माणसाने येऊन पुन्हा फोडणी घालावी तसा. मी निवडून निवडून मूळ गाणी घेतली. पहिलंच गाणं ऐकून पम्या म्हणाला, "यात काहीतरी कमी आहे रे." त्यांच्याकडे झंकारचीच कॅसेट होती. पस्तीस वर्षं हा माणूस फोडणीलाच आमटी समजतोय!

असो. मुद्दा मेहुण्याचा.

तो पुण्याहून पाहुणा आलेला. नोकरी ऑडिटची. आमच्याबरोबर वाढलेला नाही, त्याला कुणी बोलावलेलं नाही, पण सोफ्याची पंख्याखालची जागा त्याच्याकडे. सगळे त्याला दादा म्हणतात, म्हणून मीही. पाच गाणी शांतपणे ऐकून त्याने चष्मा पुसला.

"विषय नव्वदीचा ना? मग हे 'कयामत से कयामत तक' कसं काय? १९८८."

कोणी हसलं. तो हसला नाही. त्याने माझा फोन मागितला आणि मी दिला. हा मूर्खपणा माझा.

"'मैंने प्यार किया'. २९ डिसेंबर १९८९. बाद."

"दादा, तीन दिवसांनी हुकलंय फक्त!"

"एकतीस मार्चचं बिल तीन एप्रिलला आणलंत तर चालतं का?"

"अहो, पण नव्वद साली आमच्या गणपतीत दहा दिवस तेच वाजत होतं."

"मग ते गणपतीचं गाणं. वेगळं हेड."

त्याने ते खरोखर काढलं. अंगठा सरकवला आणि गेलं. "'कहो ना प्यार है' १४ जानेवारी २०००," असं तो पुटपुटला तेव्हा तारीख ऐकूनच मी ओळखलं, यादीवर संक्रांत आहे. सिनेमाच्या आधी कॅसेट बाजारात येते, हा माझा बिनतोड मुद्दा. त्यावर त्याने मान वर करून विचारलं, "पावती आहे?"

'दिल चाहता है' २००१ चा, हे मात्र मला खरंच माहीत नव्हतं. तिथे मी पाण्याची बाटली भरायला उठलो.

रागाची गोष्ट ही की सगळ्यांना मजा येत होती. माझ्या चार संध्याकाळी एकेक करून बाद होत होत्या आणि शिरी, जिला मी दहावीला भूमितीच्या वह्या दिल्या होत्या, ती टाळ्या वाजवत ओरडत होती, "पुढचं, दादा, पुढचं!" पावभाजीची शेवटची लादीही त्यानेच संपवली. त्याचा ऑडिट कोण करणार?

साडेबाराला त्याने 'आशिकी' मंजूर केला. १९९०, निर्विवाद. आवाज अगदी बारीक ठेवला होता. ते गाणं सुरू झालं आणि सगळेच गायला लागलो. मीही, रुसवा तसाच धरून.

दुसऱ्या अंतऱ्यात, ओळीच्या मधोमध, आम्ही सहाही जण एकदम थांबलो.

आमच्या बिल्डिंगमध्ये ते गाणं एकाच कॅसेटवर होतं. कोपऱ्यावरच्या दुकानात यादी देऊन भरून घेतलेली, साठ मिनिटांची, एका बाजूला तीस मिनिटं. दुकानदाराने पाचाऐवजी सहा गाणी कोंबली आणि सहावं तिथे संपलं. शब्द अर्धा, मग खट्ट, बटण वर. पुसली जाऊ नये म्हणून पम्याच्या आईने कॅसेटच्या वरच्या कडेची प्लास्टिकची टिकली मोडून ठेवली होती, त्यामुळे तो अर्धा शब्दही कायमचा सुरक्षित राहिला. पुढची ओळ सहाही जणांना आजतागायत येत नाही.

खोलीत कुमार सानू एकटा पुढे गात होता.

"का थांबलात?" मेहुण्याने विचारलं. "गाणं शिल्लक आहे अजून."

कोणी उत्तर दिलं नाही. शिरी डोळे पुसत खिदळत होती. पम्याने तोंडाने "खट्ट" केलं.

सकाळी ग्रुपवर त्याने यादी टाकली. नाव 'अंतिम, तपासलेली'. एकोणतीस गाणी. त्या गाण्यापुढे शेरा आहे, 'गायन अपूर्ण, खुलासा मागवावा'. खुलासा मी अजून दिलेला नाही.