दशमांश कुंडली आणि ‘पक्की’ सरकारी नोकरी

“करिअरसाठी मूळ कुंडली बघूच नका, फक्त दशमांश बघा. मोबाइलवर दोन मिनिटांत निघतो. त्यात दशमेश स्वगृही किंवा उच्चीचा असला की सरकारी नोकरी पक्की. नीच असला, तर कितीही अभ्यास करा, उपयोग नाही.”

स्पर्धा परीक्षा देणाऱ्या पोरांच्या ग्रुपांवर सध्या हा मेसेज फिरतोय आणि त्याचा स्क्रीनशॉट घेऊन सांगलीतले निम्मे पालक माझ्याकडे येतात. म्हणून एकेक मुद्दा घेतो.

पहिला मुद्दा लवकर आटपतो. पाराशरी पद्धतीत सोळा वर्गांचं, म्हणजे मूळ कुंडली आणि तिच्यावरून काढलेल्या दशमांशासारख्या उपकुंडल्यांचं, बळ वीस गुणांत मोजतात. त्यात राशिकुंडलीला, म्हणजे मूळ कुंडलीला, ३.५ गुण आहेत आणि दशमांशाला ०.५. दहाच वर्ग घेतले तर दशमांशाला १.५ मिळतात, तरी राशिकुंडलीचे ३ राहतातच. कर्माचं फळ आहे की नाही हे मूळ कुंडलीतलं दशमस्थान सांगतं. ते कोणत्या रूपात आणि कोणत्या दशेत हाती येईल, हे दशमांशात उलगडतं. हा क्रम उलटा करून चालत नाही.

आता स्वगृही-उच्चीचं बघू. मिरजेत सप्टेंबरच्या मध्याला पहाटे सव्वापाचच्या सुमारास जन्मलेला मुलगा धरू. लग्न सिंह, ११ अंश ४० कला. दशमस्थानी वृषभ रास, म्हणून दशमेश शुक्र, आणि तो कन्येत १६ अंशांवर, म्हणजे नीचीचा, धनस्थानात. दशमांशात राशीचे तीन-तीन अंशांचे दहा भाग पडतात. विषम राशीत मोजणी त्याच राशीपासून, सम राशीत तिच्या नवव्या राशीपासून. कन्या सम, तिची नववी वृषभ. १६ अंश म्हणजे सहावा भाग; वृषभेपासून सहावी तूळ. शुक्र स्वगृही! मेसेजप्रमाणे ऑर्डर हातात पडायलाच हवी.

पण शुक्राला तीन अंश ओलांडायला साधारण अडीच दिवस लागतात. म्हणजे त्या अडीच दिवसांत जन्मलेल्या प्रत्येक बाळाच्या दशमांशात शुक्र तुळेतच आहे. गुरूचं तर विचारूच नका, तो एका भागात सरासरी महिनाभर बसतो. शनी तीन महिने. एवढ्या पोरांना पुरतील इतक्या जागा कुठलं खातं काढतं? नीच ग्रहाचंही तेच: महिनाभर जन्मलेल्या सगळ्यांचा अभ्यास वाया जाणार नसतो. (जाता जाता: कन्येच्या दहा भागांत मीन येतच नाही. मूळचा कन्येतला शुक्र दशमांशात उच्चीचा झालाय असं कुणी सांगितलं, तर त्याची मोजणीच चुकलीय.)

माणसागणिक बदलतं ते दशमांशाचं लग्न, आणि ‘दोन मिनिटांत’ची गंमत तिथेच आहे. सिंहेचे ११ अंश ४० कला म्हणजे चौथा भाग, दशमांश लग्न वृश्चिक. शुक्र बारावा, दशमात सिंह, स्वामी रवी, म्हणजे सरकारचा कारक. इथवर सरकारी नोकरीवाले खूश. पण १२ अंशांवर पाचवा भाग लागतो, आणि तो फक्त वीस कला पुढे आहे. आपल्याकडे सिंह लग्नाचा एक भाग बारा-तेरा मिनिटांत सरतो, म्हणजे वीस कलांना जेमतेम दीड मिनिट. जन्म त्याहून थोडा जरी पुढे सरकला, तरी लग्न धनू होतं, शुक्र लाभात जातो, दशमात कन्या येते आणि स्वामी बुध होतो. ग्रह तेच, पण घरापासून लांबची, खर्चाची नोकरी सांगायची की हिशेब-व्यापारातला लाभ, हे दीड मिनिटावर ठरतं. बाळंतपणाच्या धावपळीत नर्सने घड्याळाकडे कधी बघितलं? सव्वापाच, साडेपाच अशा गोल वेळा दिसल्या की मी आधी तेच विचारतो. अ‍ॅपमध्ये लाहिरीऐवजी रामन अयनांश, म्हणजे राशिचक्राची सुरुवात धरायची दुसरी पद्धत, निवडलेला असला, तर जवळपास दीड अंशाचा फरक पडतो आणि वेळ बरोबर असूनही इथलं लग्न धनूच निघतं.

मग ठरवायचं कसं? घडून गेलेल्या गोष्टींवरून. या मुलाची शुक्राची एखादी अंतर्दशा होऊन गेली असेल, तर तेव्हा काय झालं ते विचारायचं. काम मिळालं, पण गाव सोडून पुण्या-मुंबईला खोली करून राहावं लागलं आणि हातात काही उरलं नाही, तर वृश्चिक लग्न जवळचं. मार्केट यार्डात हळदीच्या अडतीवर बसून कमाई वाढली, तर धनू. एका घटनेवर शिक्कामोर्तब करू नये. दोन-तीन वेगवेगळ्या दशा जुळल्या तरच ते लग्न धरावं. आणि दोन्ही लग्नांत मूळ कुंडलीतला नीच शुक्र तसाच राहतो: सुरुवातीचा पैसा अडखळत येणार, घरच्यांचा आधार कच्चा असणार. तुळेतला शुक्र एवढंच जोडतो की काम एकदा हाताला लागलं की त्यात मान टिकतो.

कुठलीच दशा होऊन गेलेली नसेल आणि वेळही गोल असेल, तर मी दशमांशाचं लग्न सोडून देतो, फक्त ग्रहांच्या राशी बघतो आणि पालकांना तसं स्पष्ट सांगतो.