अर्धवट पत्राला पत्ता नसतो

जुन्या पुस्तकात जुनं पत्र सापडतं, नायक ते घेऊन निघतो, गल्ल्या पालथ्या घालतो आणि शेवटी एका थरथरत्या म्हातारीच्या हातात ठेवतो. अशा कथा मी आजवर भरपूर वाचल्या. त्यातलं पत्र अर्धवट असेल, तर मात्र मला एक साधा प्रश्न पडतो. हा माणूस निघाला कुठल्या पत्त्यावर? पत्र पूर्ण होतं, घडी पडते, मग पाकिटावर आपण पत्ता लिहितो. ज्याचं शेवटचं वाक्यच झालेलं नाही, त्याला पाकीट कुठलं आणि पत्ता कुठला? आत असतं ते फक्त 'तीर्थरूप दादा', आणि असे दादा विदर्भात घरोघर होते.

म्हणून मीच एक कथा लिहिली. ती मित्राला वाचून दाखवली आणि आमचं भांडण झालं. ते नंतर सांगतो, आधी कथा.

कथेतला माणूस आर.एम.एस.मधून, म्हणजे रेल्वेच्या टपालसेवेतून, रिटायर झालेला सॉर्टर आहे. उभा जन्म नागपूर स्टेशनवर टपालाच्या थैल्या उघडण्यात आणि पत्ते वाचण्यात गेला. बर्डीच्या फूटपाथवर तो जुनं बीजगणित घेतो, नातवासाठी. (नातू ते उघडणार नाही, हे त्यालाही ठाऊक आहे.) घरी आल्यावर त्यातून वहीचा एक आखीव कागद निघतो. वर मधोमध 'श्री' लिहून खोडलेला. उजवीकडे 'नागपूर (म. प्र.), सोमवार, ता. १५ ऑक्टोबर'. साल नाही. खाली मजकूर:

'तीर्थरूप दादांचे सेवेशी शिरसाष्टांग नमस्कार. काल दसऱ्याला ठरल्याप्रमाणे मैदानावर गेलो. पांढरा सदरा शेजारच्यांकडून मागून घेतला. तुम्ही व आई यायला हवे होते. सगळ्यांबरोबर मीही उभा राहून मोठ्याने म्हटले. आज सकाळी पुन्हा जायचे आहे. घरच्या देव्हाऱ्यातल्या टाकांना तूर्त हात लावू नका. त्यांचे काय करायचे ते मी आल्यावर'

पुढचा कोपरा कसरीने खाल्लेला.

नागपूरच्या वाचकाला एवढ्यात कळलंच असेल. पण सॉर्टरला अंदाज चालत नाही, त्याला शिक्का लागतो. शिक्का नाही, तर तो मजकुरातून साल काढायला बसतो. मला स्वतःला कथेतला हा भाग सगळ्यात आवडतो.

पहिला धागा 'म. प्र.'चा. आजच्या पोरांना ही चूक वाटेल, पण २६ जानेवारी १९५० पासून नागपूर मध्य प्रदेशाची राजधानी होतं. १ नोव्हेंबर १९५६ ला ते मुंबई राज्यात गेलं आणि १ मे १९६० ला महाराष्ट्रात आलं. लिहिणाऱ्याने सवयीने जुनंच राज्य लिहिलं नसेल, असं धरलं तर पत्र १९५० ते १९५६ मधल्या ऑक्टोबरचं. या सात वर्षांत १५ ऑक्टोबरला सोमवार दोनदाच येतो, १९५१ ला आणि १९५६ ला. आता दोनातलं एक निवडायचं. पत्र म्हणतं, काल दसरा झाला. १९५१ चा दसरा १५ तारखेच्या चार-पाच दिवस आधीच होऊन गेला होता. १९५६ चा दसरा मात्र रविवारी, १४ ऑक्टोबरला. त्या दिवशी बाबासाहेबांनी नागपुरात भिक्खू चंद्रमणींकडून दीक्षा घेतली आणि मग समोरच्या लाखो लोकांना दिली, बावीस प्रतिज्ञांसह. दुसऱ्या दिवशी सोमवारी त्याच मैदानावर त्यांचं मोठं भाषण झालं. 'आज सकाळी पुन्हा जायचे आहे' ते त्यासाठी.

मग वरच्या खोडलेल्या 'श्री'चाही उलगडा होतो. हात सवयीने चालला आणि कालची शपथ आठवल्यावर थबकला. शिरसाष्टांग नमस्कार तसाच राहिला, कारण तो बापाला आहे. मी या जागेवर कथेत एकही वाक्य खर्च केलेलं नाही. इथे मोह आवरता येत नसेल, तर माणसाने कथा लिहू नये, असं माझं मत.

दुसरा धागा शाईचा. पत्र ज्या दोन पानांच्या मध्ये होतं, त्यातल्या एका पानावर पत्राच्या आकाराचा फिकट तपकिरी चौकोन उमटलाय. तो काही विशेष नाही. हलक्या कागदातलं आम्ल वर्षानुवर्षं शेजारच्या पानात उतरतं आणि असा डाग पडतो. पण त्याच चौकोनात खालच्या बाजूला एका ओळीची उलटी अक्षरं आहेत, स्पष्ट आणि शाईची. वरच्या ओळींची नाहीत. म्हणजे वरचा मजकूर वाळला होता, शेवटची ओळ ओली होती आणि पुस्तक तेवढ्यात मिटलं गेलं. टीपकागद शोधायलाही तो थांबला नाही. सगळं पत्रच घाईत कोंबलं असतं, तर बऱ्याच ओळी उमटल्या असत्या. पुढे कधी ओल लागली असती, तर अक्षरं पसरून डाग पडला असता, अशी रेखीव राहिली नसती.

सॉर्टर दाढीचा आरसा आणतो आणि त्या पानापुढे धरतो. कसरीने खाल्लेला कोपरा बीजगणिताच्या पानावर शाबूत आहे. तिथे आणखी एकच शब्द आहे, 'आपण'. 'त्यांचे काय करायचे ते मी आल्यावर आपण' इथे पत्र थांबतं.

दारात कोणी हाक मारली असेल. मैदानावर लवकर पोहोचलं नाही तर जागा मिळणार नाही, असं काही. इथवर पुरावा आपल्याला आणतो. पण परत आल्यावर त्याने पत्र पुरं का केलं नाही, याला पुरावा नाही. कदाचित पत्रापेक्षा लवकर तो स्वतःच गावी पोहोचला. कदाचित भाषण ऐकून आल्यावर त्याला वेगळंच लिहावंसं वाटलं आणि त्याने नवा कागद घेतला. माझा कल दुसऱ्याकडे आहे, पण कथेत मी तो आणलेला नाही. सॉर्टर कागद उलगडून सपाट करतो, दोन कोऱ्या कागदांमध्ये ठेवतो, वरच्या कागदावर पेन्सिलीने १९५६ लिहितो. चिकटपट्टी लावत नाही. ती काही वर्षांनी पिवळी पडते आणि निघताना कागद सोलते, हे त्याला फाटक्या टपालामुळे माहीत आहे. कथा संपली.

आता भांडण. मित्र म्हणाला, "अबे, पण त्या पोराचं पुढं झालं काय? शेवट तं पाह्यजे नं!" मी म्हटलं, शेवट पोराने लिहिला नाही तर मी कायले लिहू? त्याचं म्हणणं, सॉर्टरने नागपुरातल्याच इंदोरा वस्तीत जाऊन चौकशी करावी, पोराची मुलगी भेटावी, ती आता सत्तरीची असावी. बघा, म्हातारी आलीच! मी विचारलं, पत्रात इंदोरा कुठे आहे? सहीसुद्धा नाही त्यात. सही शेवटी करतात.

यावर तो म्हणाला की मी वाचकाला उपाशी ठेवतोय. मला ते पटत नाही. वाचकाला साल मिळालं, दिवस मिळाला, पोरगा कुठून आला नि कुठे निघाला ते मिळालं, त्याची शाई ओली होती हेसुद्धा मिळालं. देव्हाऱ्याचं काय करायचं हे बाप आणि मुलगा मिळून ठरवणार होते. त्यात सॉर्टरने किंवा मी तोंड घालायचं कारण नाही.

त्याची एक सूचना मी मानली. आधी सॉर्टर ते पत्र शेवटी बायकोला मोठ्याने वाचून दाखवत होता. "हे जरा जास्त होतंय," मित्र म्हणाला. बरोबर होतं. काढून टाकलं.