पाकिटावरचा चौदा आकडी परवाना क्रमांक नेमके काय सांगतो

«पाकिटावर एफएसएसएआयचा लोगो आणि १४ आकडी नंबर दिसला की सरकारने तो माल तपासून पास केला असे समजा. नंबरातले साल जुने असेल तर लायसन्स संपले. नंबर २ ने सुरू होत असेल तर माल हलका. पत्ता वाचण्यात वेळ घालवू नका, नंबर पुरे.»

या संदेशातला पहिला मुद्दा मुळातच चुकीचा आहे. अन्न सुरक्षा व मानके कायदा, २००६ नुसार परवाना मिळतो तो व्यवसायाला आणि तो जिथे चालतो त्या जागेला. एकाच मालकाचे दोन ठिकाणी दोन कारखाने असतील, तर परवानेही दोन लागतात. तुमच्या हातातली बॅच कोणा अधिकाऱ्याने तपासली, असे त्या क्रमांकातून निघत नाही. उत्पादकाने आपल्या मालाची दर सहा महिन्यांनी चाचणी करून घ्यावी ही परवान्याचीच एक अट आहे, पण ती पाळण्याची जबाबदारी त्याची असते, आणि ती पाळली गेली की नाही हे वेष्टनावर कुठेही दिसत नाही.

सालाचा मुद्दा अर्धवट माहितीवर उभा आहे. समजा क्रमांक ११५१९ ने सुरू होतो. यातला पहिला १ म्हणजे परवाना, पुढचे १५ म्हणजे महाराष्ट्र (इथे ०० असेल तर परवाना केंद्रीय) आणि १९ म्हणजे तो पहिल्यांदा दिला गेला ते २०१९ साल. नूतनीकरण झाले तरी क्रमांक तोच राहतो, म्हणून जुने साल हे फार तर व्यवसाय जुना असल्याचे लक्षण ठरेल. मुदत क्रमांकात नसतेच. परवाना चालू आहे का ते पाहायचे तर foscos.fssai.gov.in या संकेतस्थळावर एफबीओ सर्चमध्ये क्रमांक टाकावा लागतो.

सुरुवातीचा २ हा नोंदणीचा आकडा आहे. घरगुती पापड-लोणची करणाऱ्या बचत गटासारख्या लहान व्यावसायिकांसाठी कायद्याने परवान्याऐवजी नोंदणीची सोय ठेवली आहे. त्यावरून धंद्याचा आकार कळतो, मालाचा दर्जा नाही. उलट एखाद्या मोठ्या नावाच्या, राज्यभर विकल्या जाणाऱ्या पाकिटावर फक्त २ ने सुरू होणारा क्रमांक दिसला, तर मात्र शंका घ्यायला जागा आहे.

आता पत्ता. मला विचाराल तर या संदेशातला सर्वांत घातक सल्ला हाच आहे, कारण क्रमांक ही कोणालाही दुसऱ्याच्या पाकिटावरून उतरवून छापता येण्यासारखी गोष्ट आहे. नाव आणि पत्ता जुळला तरच तो क्रमांक पुरावा ठरतो.

आंब्याच्या लोणच्याचे एक पाकीट घ्या. पुढच्या बाजूला ब्रँडचे नाव ठळक असते; मागे, घटकांच्या यादीखाली बारीक अक्षरांत ‘मार्केटेड बाय’ म्हणून पुण्याच्या एका कंपनीचा पत्ता आणि त्याखाली ‘मॅन्युफॅक्चर्ड बाय’ म्हणून सांगली जिल्ह्यातल्या एमआयडीसीतल्या कारखान्याचा पत्ता असतो. प्रत्येकापाशी वेगळा क्रमांक छापलेला असतो. लोणचे सांगलीकडे तयार झाले आहे, म्हणून आपल्याला हवा तो दुसरा क्रमांक. घाईत लोक लोगोशेजारचा पहिला क्रमांक टाकतात, पुण्याच्या कंपनीचे नाव आले की समाधान मानतात, आणि कारखान्याचा परवाना चालू आहे की नाही हे पाहायचे राहूनच जाते. शोधात नाव, जागेचा पत्ता आणि परवान्याची सद्यस्थिती दिसते. पत्ता कारखान्याऐवजी एखाद्या दुकानाचा निघाला, किंवा व्यवसायाचा प्रकार उत्पादनाऐवजी नुसता व्यापार किंवा पुन्हा पॅकिंग असा असला, तर लोणचे नेमके कुठे घातले गेले हे पाकिटाने सांगितलेलेच नाही.

काही मोठ्या कंपन्या एकाच वेष्टनावर चार-पाच कारखान्यांचे पत्ते ए, बी, सी अशा खुणांनी देतात. तिथे बॅच क्रमांकाच्या जोडीला, बहुधा पाकिटाच्या शिवणीजवळ तारखेसोबत शाईने उठवलेले अक्षर पाहावे. त्या अक्षरासमोरचा पत्ता आणि परवाना तुमच्या पाकिटाचा. आयात मालावर आयातदाराचा पत्ता आणि परवाना असतो, आणि तो पुष्कळदा स्टिकरवर असतो, म्हणून स्टिकर दिसला की लगेच बनावट ठरवू नये.

शोधात काहीच सापडले नाही, तर आधी आकडे मोजून पाहावेत. चुरगळलेल्या प्लास्टिकवर ३ आणि ८ सहज एकसारखे वाचले जातात. चौदाही आकडे नीट टाकून नाव दुसऱ्याच कंपनीचे आले, तर पाकीट फेकू नये. क्रमांक, पत्ता, बॅच आणि तारीख चारही दिसतील असे फोटो काढून अन्न व औषध प्रशासनाकडे किंवा फूड सेफ्टी कनेक्ट ॲपवर तक्रार करावी. बॅच आणि पत्त्याशिवाय केलेल्या तक्रारीत कोणत्या कारखान्यात जाऊन काय तपासायचे, हे अधिकाऱ्याला ठरवता येत नाही.