सोयराबाईचा सवाल

प्रतिक्रिया : "संतांची समता वाळवंटापुरतीच. वारीत गळाभेट आणि गावात आल्यावर ज्याची त्याची वस्ती वेगळी. आमच्या मराठवाड्यात तर रोज टाळ कुटतात, जात गेली का? मग कशाला हे गोडवे?"

उत्तर :

नमस्कार. गावातली वेगळी वस्ती मीही पाहत आलोय, तिच्याबद्दल वाद घालणार नाही. उलट तुमच्या बाजूने आणखी एक पुरावा देतो. चोखोबा स्वतः एका अभंगात म्हणतात की पूर्वजन्मी कृष्णनिंदा घडली म्हणून हा जन्म मिळाला. ज्या व्यवस्थेने त्यांना देवळाबाहेर ठेवलं, तिचंच कारण त्यांनी मान्य केलं. हे वाचताना जीव तुटतो. १३३८ साली मंगळवेढ्याला गावकुसाचं काम चालू असताना ते भिंतीखाली गेले. त्यांची समाधी पंढरपुरात महाद्वाराबाहेर आहे. ते देऊळ दलितांना खुलं व्हायला १९४७ साली साने गुरुजींना उपोषणाला बसावं लागलं.

पण त्याच घरात चोखोबांची बायको सोयराबाई काय म्हणते ते ऐका :

*देहासी विटाळ म्हणती सकळ । आत्मा तो निर्मळ शुद्ध बुद्ध ॥*
*देहींचा विटाळ देहींच जन्मला । सोवळा तो झाला कवण धर्म ॥*

पहिली ओळ कोणीही मान्य करील, आत्मा शुद्ध आहे म्हणायला काही लागत नाही. खरी धार दुसऱ्या ओळीला आहे. पुढे ती म्हणते की विटाळावाचून उत्पत्तीचं स्थानच नाही, जगात एकही देह त्याशिवाय घडलेला नाही. मग सोवळ्यात बसलेला कुठून आला? बाईची पाळी आणि माणसाची जात, दोन्ही ज्या एका विटाळावर उभ्या केल्या, त्याच्या मुळावरच तिने घाव घातला. पूर्वजन्माच्या पापाला इथे जागाच उरत नाही. आणि मुलगा कर्ममेळा तर थेट देवालाच जाब विचारतो :

*आमुची केली हीन याती । तुज का न कळे श्रीपती ॥*
*जन्म गेला उष्टे खाता । लाज न ये तुमचे चित्ता ॥*

एकाच घरात बाप सोसतो, आई विटाळाचं शास्त्र उलटवते, लेक भांडतो. हे सगळं परंपरेने गाथेत जपून ठेवलं, म्हणून मी तिला पोकळ म्हणू शकत नाही.

आमच्याकडे परभणी-हिंगोलीकडे सप्ताहात सोयराबाईचा 'अवघा रंग एक झाला' सगळे डोलत गातात. तिचा विटाळाचा अभंग मात्र क्वचितच कोणी घेतं. घरात चार दिवस बाजूला बसलेल्या सुनेला आणि पंगतीत शेवटी वाढल्या जाणाऱ्या माणसाला तो आजही लागू पडतो, म्हणूनच तो टाळला जातो असं मला वाटतं. टाळ कुटून जात गेली नाही, हे तुमचं खरं. पण जो अभंग म्हटलाच जात नाही, त्याचा दोष सोयराबाईला कसा द्यायचा?

तुमच्या गावच्या सप्ताहात कीर्तनकार ठरवायला तुम्ही बसत असाल, तर त्यांना हाच अभंग निरूपणाला घ्यायला सांगा. आणि काल्याच्या पंगतीत कोण कुठे बसलं, ते इथे लिहा.